दरमहा कापली जाणारी देणगी बंद करताना: बँकेतला आदेश, संस्थेचं पत्र आणि ८०जीचे कागद

२०२४च्या दसऱ्याला धाकटा भाऊ आणि भावजय ऐरोलीहून आमच्याकडे पाचपाखाडीला आले होते. सप्टेंबरअखेर त्याची नोकरी गेली होती. जेवणं झाल्यावर त्याने मोबाइलवर बँकेचा एक मेसेज दाखवला आणि म्हणाला, "ताई, हे पाचशे नव्वद कशाचे कापले ते बघ गं." मी सोसायट्यांचे हिशेब लिहिते आणि ओळखीच्यांची आयकर विवरणपत्रं भरून देते, त्यामुळे असे मेसेज घरात माझ्याकडेच येतात.

खात्याचं विवरण उघडलं तेव्हा उलगडा झाला. ५ ऑक्टोबरला घराच्या कर्जाचा हप्ता गेला होता आणि उरलेले पैसे त्याने घरखर्चासाठी भावजयच्या खात्यावर टाकले होते. ७ तारखेला एका संस्थेची दीड हजारांची देणगी कापायला आली, तेव्हा खात्यात तेवढी शिल्लक नव्हती. कपात परत गेली आणि बँकेने ५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९० रुपये दंड लावला. देणगी पोचली नाही आणि पैसे मात्र गेले.

पगार थांबला की लोक आधी ओटीटी, जिम, क्लास बंद करतात. देणगी बंद करताना हात थबकतो, आणि तो थबकतो म्हणूनच महिना-दोन महिने निघून जातात. त्या काळात काय होतं ते वर आलंच. म्हणून हे काम कोणत्या क्रमाने करायचं आणि मार्चनंतर करासाठी कुठे लक्ष ठेवायचं, ते या एकाच घराच्या हिशेबावरून सांगते.

आधी कपात कुठल्या वाटेने जाते ते शोधा

"देणगी बंद करायची" हे एक काम वाटतं, पण पैसे कापण्याच्या वाटा वेगवेगळ्या असतात आणि प्रत्येक वाट वेगळ्या जागी बंद होते. भावाला विचारलं तेव्हा त्याला दोनच देणग्या आठवत होत्या. शोधल्यावर तीन निघाल्या: १ तारखेला यूपीआयवरून ५०० रुपये मुलांच्या शिक्षणासाठी, ७ तारखेला एनएसीएचने, म्हणजे बँक खात्यातून ठरलेल्या तारखेला आपोआप पैसे कापायच्या आदेशाने, १,५०० रुपये रुग्णांच्या मदतीसाठी, आणि १८ तारखेला क्रेडिट कार्डावरून १,००० रुपये एका वृद्धाश्रमाला. मिळून महिन्याला ३,००० रुपये.

शोधायचं असं. खात्याचं विवरण गेल्या तेरा महिन्यांचं काढा. बारा नाही, तेरा. कारण काही देणग्या वर्षातून एकदाच कापल्या जातात आणि महिनाभर मागेपुढे झालेली वार्षिक कपात बाराच्या खिडकीतून निसटते. त्या पीडीएफमध्ये `ACH`, `NACH` आणि `MANDATE` हे शब्द शोधा. `ACH` किंवा `NACH` दिसलं तर कपात बँक खात्यावर दिलेल्या आदेशाने होते आहे. यूपीआयची कपात रोजच्या भाजी-रिक्षाच्या नोंदींत हरवते, म्हणून ती विवरणात न शोधता यूपीआय अ‍ॅपमध्ये शोधलेली बरी. कार्डावरच्या देणग्या बँकेच्या विवरणात दिसतच नाहीत, तिथे फक्त कार्डाचं एकगठ्ठा बिल दिसतं. त्यासाठी कार्डाची बिलं वेगळी चाळावी लागतात. घरात दोन-तीन बँकांची खाती असतील तर प्रत्येकाचं विवरण बघा. जुनं पगाराचं खातं हमखास विसरलं जातं, आणि बरेचदा आदेश त्याच खात्यावर दिलेला असतो.

सापडलेली प्रत्येक कपात एका कागदावर लिहा: संस्था, रक्कम, तारीख, वाट, आणि ज्याच्या पॅनवर पावती येते ते नाव. हे शेवटचं नाव आत्ता अनावश्यक वाटेल, मे महिन्यात लागेल.

क्रम: एनएसीएच सगळ्यात आधी

तिन्ही बंद करायच्या असतील तर पहिला हात एनएसीएचला घाला. याची कारणं दोन. शिल्लक नसेल तर दंड इथे लागतो. आणि रद्द व्हायला वेळही इथेच सगळ्यात जास्त लागतो, कारण आदेश रद्द झाल्याची नोंद तुमची बँक, संस्था आणि संस्थेची बँक अशा तिघांपर्यंत पोचावी लागते. मी पुढच्या कपातीच्या तारखेआधी आठ-दहा कामाचे दिवस धरून चालते. यूपीआय आणि कार्ड त्या मानाने सोपे, ते आपल्याच हाताने मोबाइलवर होतात.

"सुट्टी आहे, आज कापणार नाहीत" यावर विसंबू नका. १ ऑगस्ट २०२१पासून एनएसीएच आठवड्याचे सातही दिवस चालतं. रविवारी आणि सणाच्या दिवशीही कपात येऊ शकते.

एनएसीएच रद्द करताना

वाशीच्या मॉलच्या दारात टॅबलेट घेऊन उभ्या असलेल्या मुलांनी भावाकडून हा आदेश घेतला होता. तेव्हा काय भरलं ते त्याला आठवत नव्हतं, पण ईमेलमध्ये `mandate` शोधल्यावर पोच सापडली. त्यात वीस अक्षर-अंकांचा एक क्रमांक होता. त्याला यूएमआरएन म्हणतात. हा आदेशाचा कायमचा क्रमांक आणि रद्द करताना सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच. ईमेल सापडला नाही तर नेटबँकिंगमध्ये आदेशांच्या यादीत तो दिसतो, किंवा शाखेत विचारता येतो.

त्याच पोचेत आणखी एक ओळ वाचण्यासारखी होती. देणगी १,५०० रुपये, पण आदेशात कमाल रक्कम ५,००० रुपये लिहिली होती. एनएसीएचच्या आदेशात रक्कम ठरावीक किंवा कमाल अशी दोन प्रकारे घालता येते. कमाल लिहिलेली असेल तर तेवढ्या रकमेपर्यंतची कपात तुमच्या बँकेतून विनातक्रार जाते. याचे अर्थ दोन. देणगी बंद न करता फक्त कमी करायची असेल तर संस्था नवा आदेश न घेताही कमी रक्कम कापू शकते, नुसतं लेखी कळवलं की पुरतं. आणि देणगी थांबवताना "आम्ही तुमची कपात थांबवतो" एवढ्यावर समाधान मानू नका. कपात थांबवली तरी आदेश जिवंत राहतो. आपल्याला आदेशच रद्द झालेला हवा.

रद्द करायला दोन दारं आहेत, आणि मी दोन्ही एकाच वेळी ठोठावते. पहिलं दार संस्थेचं. १३ ऑक्टोबरच्या रविवारी भावाने मोबाइलवरून हा ईमेल पाठवला:

"नमस्कार. मी आपल्या संस्थेला दरमहा १,५०० रुपये एनएसीएचने देतो. आदेशाचा यूएमआरएन क्रमांक खाली दिला आहे. घरच्या आर्थिक परिस्थितीमुळे ही देणगी मी थांबवत आहे. कृपया आदेश रद्द करावा, ऑक्टोबरची परत गेलेली कपात पुन्हा पाठवू नये, आणि रद्द झाल्याचं लेखी कळवावं. एप्रिलपासून मिळालेल्या देणगीचं, करवजावटीसाठी लागणारं १०बीई प्रमाणपत्र मे महिन्यात याच ईमेलवर पाठवावं. माझा पॅन आपल्या नोंदीत बरोबर आहे का, तेही तपासावं."

याहून जास्त लिहू नका. नोकरी कशी गेली, कर्ज किती आहे, हे सांगायची गरज नाही. "परत गेलेली कपात पुन्हा पाठवू नये" हे वाक्य मात्र घालाच. शिल्लक नसल्याने परत गेलेली कपात संस्था त्याच महिन्यात पुन्हा पाठवू शकते, आणि प्रत्येक वेळी दंड वेगळा. भावाच्या बाबतीत तेच झालं. ईमेल रविवारी गेला, पण फाइल आधीच तयार झाली असावी, १५ तारखेला कपात परत आली आणि दुसरे ५९० रुपये गेले. ऑक्टोबरचा एकूण दंड झाला १,१८० रुपये.

दुसरं दार आपल्या बँकेचं. काही बँकांच्या नेटबँकिंगमध्येच आदेशांच्या यादीतून रद्द करता येतं. भावाच्या बँकेत तो पर्याय पडद्यावर होता पण चालत नव्हता, म्हणून सोमवारी, १४ तारखेला तो शाखेत गेला. तिथे एनएसीएचचा जो फॉर्म मिळतो तो आदेश द्यायचाच फॉर्म असतो. त्यावर वरच्या बाजूला `CREATE`, `MODIFY` आणि `CANCEL` असे तीन चौकोन असतात. `CANCEL`वर खूण, यूएमआरएन, खाते क्रमांक, आणि बँकेत नोंद असलेली तीच सही. सही जुळली नाही तर फॉर्म परत येतो, आणि मॉलमध्ये उभ्याउभ्या आदेश दिलेल्यांना हे हमखास नडतं, तेव्हा नोंदलेली सही कोणती ते आधी विचारून घ्या.

काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "हे संस्थेकडूनच रद्द होतं." हे वाक्य बऱ्याच शाखांत ऐकायला मिळतं. भांडू नका. आदेश तुमच्या खात्यावरचा आहे आणि तो मागे घ्यायची सूचना तुम्ही तुमच्या बँकेला देऊ शकता, एवढं नम्रपणे सांगा आणि फॉर्मसोबत साध्या कागदावर अर्ज द्या. सगळ्यात महत्त्वाचं, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. पुढे कपात झालीच तर "मी अमुक तारखेला कळवलं होतं" हे सिद्ध करणारा कागद तोच. भावाच्या नेटबँकिंगमध्ये २२ ऑक्टोबरला आदेशासमोर `Cancelled` दिसलं. त्याचा स्क्रीनशॉट घेतला. तरीही ७ नोव्हेंबरला विवरण उघडून पाहिलंच, आणि तुम्हीही पाहा.

दंडाचं काय? शिक्क्याची प्रत जोडून भावाने बँकेला ईमेल केला. पहिले ५९० मिळाले नाहीत, कारण तेव्हा आदेश चालू होता आणि शिल्लक नव्हती, बँकेची चूक नव्हतीच. दुसरे ५९० रद्दचा अर्ज दिल्यानंतरच्या दिवशी कापलेले, ते बँकेने परत केले. अर्जाची तारीख कपातीच्या आधीची असेल तर परतावा जरूर मागा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in`वर तक्रार करता येते, आणि ती विनामूल्य असते.

भावजयला वेगळीच भीती होती. ती म्हणाली, "ताई, चेक बाउन्ससारखी केस तर नाही ना होणार?" एनएसीएच परत जाणं हा गुन्हा ठरवणारं कलम २५ देयक आणि निपटारा व्यवस्था कायदा, २००७मध्ये आहे खरं, पण ते कर्ज किंवा देणं फेडण्यासाठी दिलेल्या रकमेला लागू होतं. स्वखुशीची देणगी कुणाचं देणं नसते. पतगुणांकातही ती कर्जाच्या हप्त्यासारखी थकबाकी म्हणून जात नाही. घराच्या कर्जाचा हप्ता परत गेला तर मात्र दोन्ही लागू होतं. म्हणूनच देणगीच्या कपातीने खातं रिकामं होऊन त्यामागून येणारा कर्जाचा हप्ता अडकू नये, याची काळजी आधी. ज्यांचा हप्ता १० तारखेला आणि देणगी ७ला, त्यांनी तर एक दिवसही थांबू नये.

यूपीआय आणि कार्ड

यूपीआयचं काम पाच मिनिटांचं. ज्या अ‍ॅपवरून आदेश दिला होता तेच अ‍ॅप उघडा, आपल्या प्रोफाइलमध्ये `AutoPay` शोधा, चालू आदेशांच्या यादीत संस्थेचं नाव दाबा, `Cancel` किंवा `Revoke` निवडा आणि यूपीआय पिन टाका. तिथे `Pause` असाही पर्याय असतो. दोन-तीन महिन्यांत पगार सुरू होईल याची खात्री असेल तर तो चांगला, नाहीतर थांबवलेला आदेश ठरलेल्या तारखेला आपोआप पुन्हा जागा होतो आणि आपण विसरलेलो असतो.

नुसतं अ‍ॅप काढून टाकल्याने काही बंद होत नाही. आदेश अ‍ॅपमध्ये नसतो, बँकेत असतो. फोन बदलला असेल तर तेच अ‍ॅप त्याच नंबरवर पुन्हा घालून आदेश रद्द करा.

कार्डावरच्या कपातीसाठी रिझर्व्ह बँकेचा नियम आपल्या बाजूचा आहे. कपातीच्या किमान २४ तास आधी बँकेने मेसेज किंवा ईमेल पाठवलाच पाहिजे, आणि त्यात ती एक कपात किंवा आख्खा आदेश नाकारायची सोय असली पाहिजे. तो मेसेज येईपर्यंत थांबायची गरज नाही. कार्डाच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा साइटवर `e-mandate` किंवा `Standing Instructions` या नावाखाली यादी असते, तिथून रद्द करा. मेसेजमधली लिंक दाबण्यापेक्षा साइटचा पत्ता स्वतः टाइप करा, कारण अशा मेसेजची नक्कल करून फसवणारे भरपूर आहेत. भावाने रविवारीच यूपीआय आणि कार्ड दोन्ही रद्द केले, म्हणून १८ ऑक्टोबरची हजाराची कपात वाचली.

कार्डाची देणगी विसरू नका असं मी मुद्दाम सांगते. खात्यातली कपात परत गेली तर दंड लागतो, पण कार्डावरची देणगी शांतपणे बिलात जमा होते, आणि बिल पूर्ण भरता आलं नाही तर त्यावर कार्डाचं जबर व्याज चढतं. तिथे ती देणगी राहत नाही, कर्ज होते.

पगारातून देणगी कापली जात असेल तर ते बँकेकडे नाही, एचआरकडे लेखी कळवून थांबवायचं. नोकरी गेली की ती आपोआप थांबते.

कराचं काय

आता दुसरा अर्धा भाग. "वर्षाच्या मध्येच देणगी थांबवली, तर ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकरात मिळणारी, सवलत जाते का?" हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतं. नाही. सवलत प्रत्यक्ष दिलेल्या पैशांवर असते, कबूल केलेल्या पैशांवर नाही. एप्रिल ते सप्टेंबर दिलं असेल तर तेवढ्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि तेवढीच वजावट. मागच्या वर्षी घेतलेल्या वजावटीलाही धक्का लागत नाही.

पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा, कारण त्यावर बाकी सगळं अवलंबून आहे: यंदा तुम्ही जुन्या करप्रणालीत आहात की नव्या? ८०जीची वजावट फक्त जुन्या प्रणालीत मिळते. २०२३-२४पासून नवी प्रणाली आपोआप लागू होणारी आहे, आणि जुनी हवी असेल तर ती मुदतीत भरलेल्या विवरणपत्रात निवडावी लागते. उत्पन्न घटलेल्या वर्षात बरेचदा नवीच फायद्याची ठरते. भावाचे आकडे बघा.

२०२४-२५मध्ये त्याला सहा महिन्यांचा पगार आणि नोकरी सोडतानाचा हिशेब मिळून ७,२०,००० रुपये करपात्र पगार मिळाला. बचत खात्याचं व्याज ६,००० रुपये. नव्या प्रणालीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट गेल्यावर उरले ६,५१,०००. त्या वर्षी नव्या प्रणालीत ७ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्नाला कलम ८७एची सूट होती, म्हणजे कर शून्य. पगारातून आधी कापलेला टीडीएस परतावा म्हणून येणार.

जुन्या प्रणालीत ५०,०००ची प्रमाणित वजावट, ८०सीचे दीड लाख आणि व्याजाची वजावट गेल्यावर उरले ५,२०,०००. आता देणग्या. यूपीआयच्या एप्रिल ते ऑक्टोबरच्या सात कपाती मिळून ३,५००. एनएसीएचच्या सहा, म्हणजे ९,०००, कारण ऑक्टोबरची परत गेली. कार्डाच्या सहा, म्हणजे ६,०००. एकूण १८,५००. या तिन्ही संस्थांना ५० टक्के वजावट लागू आहे, म्हणजे ९,२५०. यावर उत्पन्नाच्या १० टक्क्यांची मर्यादा असते, इथे ती ५२,००० येते, तेव्हा अडचण नाही. करपात्र ५,१०,७५० आणि कर, उपकरासह, १५,२३६ रुपये. देणग्या धरल्या नसत्या तर तो १७,१६० झाला असता. म्हणजे १८,५०० रुपयांच्या देणगीने वाचवलेला कर १,९२४ रुपये.

नव्या प्रणालीत कर शून्य, जुनीत पंधरा हजार. भावाने नवी घेतली आणि १०बीई प्रमाणपत्रं फाइलला लावून ठेवली, विवरणपत्रात त्यांची नोंदच लागली नाही. मी हे आकडे मुद्दाम मांडले, कारण "मार्चपर्यंत तरी चालू ठेवू, कर वाचतो" असं म्हणून ओढाताणीतही देणगी चालू ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. रुपयाला दहा पैसे कर वाचवायला रुपया खर्च करायचा नसतो. देणगी द्यायची ती देण्यासाठी. हे गणित प्रत्येकाने आपल्या आकड्यांवर करून पाहावं. आयकर खात्याच्या साइटवर दोन्ही प्रणालींची तुलना करणारा कॅल्क्युलेटर आहे.

नोकरी चालू आहे पण पगार घटला, आणि एप्रिलमध्ये जुनी प्रणाली निवडून कचेरीत वर्षभराची ३६,००० देणगी कळवली होती, अशांनी जानेवारीत पुरावे देताना तो आकडा खरा करून द्यावा. तसंही बहुतेक कचेऱ्या टीडीएस मोजताना खासगी संस्थांच्या देणग्या धरत नाहीत, ती वजावट विवरणपत्रातच घ्यावी लागते. म्हणून फॉर्म १६मध्ये ८०जी नसेल तर घाबरू नका.

मे-जूनमधलं तपासणीचं काम

ज्यांना वजावट घ्यायची आहे त्यांच्यासाठी खरा कागद एकच: फॉर्म १०बीई. संस्थेने वर्षभरातल्या देणगीदारांची यादी फॉर्म १०बीडीमध्ये ३१ मेपर्यंत आयकर खात्याला द्यायची असते, आणि त्याच मुदतीत प्रत्येक देणगीदाराला १०बीई द्यायचा असतो. दर महिन्याच्या ईमेल पावत्या आता पुरत नाहीत. विवरणपत्राच्या ८०जी तक्त्यात १०बीईवरचा पोच क्रमांक, संस्थेचा पॅन आणि पत्ता मागतात. देणगी थांबवलेल्यांचं नाव यादीतून गळू नये म्हणून तर ईमेलात मे महिन्याचा उल्लेख आधीच केला होता. संस्था टाळाटाळ करत असेल तर सौम्यपणे आठवण द्या की यादी उशिरा भरल्यास संस्थेलाच दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क बसतं.

प्रमाणपत्र आलं की तीन गोष्टी बघा: पॅन, रक्कम, वर्ष. भावाच्या रुग्णमदतीच्या संस्थेने १०,५०० रुपयांचं प्रमाणपत्र पाठवलं. ऑक्टोबरची परत गेलेली कपात त्यांनी जमा धरली होती. त्याने तिथे दावा केला नव्हता तरी मी त्याला दुरुस्ती मागायला लावली, कारण खोटा आकडा आपल्या पॅनवर खात्याच्या नोंदीत राहायला नको. बँकेच्या विवरणातली ती परत गेलेली ओळ जोडून पाठवली, तेव्हा संस्थेने यादी दुरुस्त करून ९,०००चं प्रमाणपत्र दिलं. दावा करणाऱ्याने अशा वेळी बँकेत दिसणारा आकडाच धरावा, प्रमाणपत्र जास्तीचं असलं तरी. हाच नियम परत मिळालेल्या देणगीला. आदेश रद्द केल्यावरही चुकून कपात झाली आणि संस्थेने ती परत केली, तर त्या रकमेवर वजावट घेता येत नाही, आणि ती १०बीईतूनही वगळलेली आहे का ते पाहावं लागतं.

शेवटची गोष्ट भावजयची. तिन्ही देणग्या बंद होताना ती म्हणाली, "मुलांच्या शिक्षणाची तरी थोडी चालू राहू दे." ती ठाण्यातल्या शाळेत शिकवते, तिचा पगार चालू होता. नोव्हेंबरपासून ती स्वतःच्या यूपीआयवरून दरमहा २०० रुपये हाताने पाठवायला लागली, आदेश न देता. ज्या महिन्यात जमणार नाही त्या महिन्यात पाठवायचे नाहीत. मला ही पद्धत या काळासाठी फार योग्य वाटली. फक्त एक अडचण होती: संस्थेच्या नोंदीत देणगीदार म्हणून भावाचं नाव आणि त्याचाच पॅन होता. देणगी ज्याच्या पॅनवर नोंदली जाते त्यालाच वजावट मिळते, नवऱ्याच्या नावावरची बायकोला घेता येत नाही, खातं संयुक्त असलं तरीही. म्हणून पहिले २०० पाठवले त्याच दिवशी तिने संस्थेला आपलं नाव आणि पॅन कळवून वेगळी नोंद करून घेतली. मार्चपर्यंत तिचे पाच महिन्यांचे १,००० झाले आणि मे महिन्यात तेवढ्याचं १०बीई तिच्या नावाने आलं. भावाच्या प्रमाणपत्रावर ३,५००च होते.

हे सगळं २०२४-२५चं आहे. १ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाल्यामुळे त्यानंतरच्या उत्पन्नासाठी कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. २०२५-२६पर्यंतच्या वर्षांचं विवरणपत्र, दुरुस्ती किंवा नोटीस असेल तर मात्र जुनेच क्रमांक, ८०जी आणि १०बीईच, शोधायचे. प्रमाणपत्रं, शिक्क्याचा अर्ज, `Cancelled`चा स्क्रीनशॉट आणि त्या वर्षाचं बँक विवरण एकाच फाइलमध्ये किमान सहा वर्षं ठेवा. भावाची ती फाइल माझ्याच कपाटात आहे, सोसायटीच्या व्हाउचरांच्या शेजारी.